कमानीवरची कोरी पाटी

नाव सोडून बाकी सगळं तयार होतं. पाळणा फिरत होता, गोडीशेवच्या दुकानावर माश्या घोंघावत होत्या, पिपाणी वाजत होती, आणि प्रवेशाच्या कमानीवर एक लांबलचक पाटी कोरी लटकत होती. आफशीनने चित्रात ती मुद्दाम तशीच ठेवली होती. नाव ठरलं की अक्षरं रंगवायची, एवढंच काम उरलं होतं.

आणि ते नाव हेमराज काही ठरू देत नव्हता.

हेमराज नंदुरबारकडच्या कळसाडीचा. पुण्यात मोबाइलचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत होता, आईच्या आजारपणात गावी आला, आई गेली तरी परत गेला नाही. तीन-चार वर्षांच्या पोरांसाठी गावच्या यात्रेचा खेळ करायचा, ही कल्पना त्याची. चित्रं काढायला नवापूरची आफशीन मिळाली. ती तिच्या घरी, हा याच्या घरी. रोज संध्याकाळी दिवे लागले की फोनवर बोलायचं, दिवसभरात काय झालं ते एकमेकांना दाखवायचं. कोंबडीच्या रंगावरून भांडायचं, मग आज जेवायला काय केलं ते विचारायचं. खिचडी म्हटलं की ती ओरडायची, ‘‘पुन्हा खिचडी? हेमराजभाऊ, माणूस आहात की पेशंट?’’

आता खरं सांगून टाकू. त्या घरात दिवसभरात माणसाचा आवाज यायचा तो एवढाच. आजूबाजूला ऊस, गल्लीत सगळे आपापल्या धांदलीत, आणि हा एकटा संगणकासमोर पाळणा फिरवत बसलेला. आफशीनला हैदराबादला नोकरी लागली होती. खेळ प्रसिद्ध झाला की तिला तो नव्या ठिकाणी आपलं काम म्हणून दाखवायचा होता. खेळ सुटला की रोजचा फोनही सुटणार, हे सांगायला कुणा जोतिष्याची गरज नव्हती.

सुरुवातीला त्याने नावं नाकारली ती अगदी रास्त कारणांनी. ‘गंमत जत्रा’सारखी नावं स्टोअरवर आधीच ढिगाने होती, त्यात आपला खेळ कुणाला सापडणार? ‘कळसाडीची धमाल यात्रा’ छानच, पण मोबाइलवर चित्राखाली नावाला जागा ती केवढी. ‘कळसाडीची ध’ एवढंच दिसायचं आणि पुढे टिंबं. ‘पाळणा’ शोधलं की अंगाईगीतांची रांग लागायची. आफशीनला हे सगळं पटत होतं.

पुढेपुढे मात्र कारणं पातळ व्हायला लागली. एक नाव फार गोड म्हणून नको, एक फार साधं म्हणून नको. ‘‘बारशाला आत्या इतके नखरे करत नाही,’’ आफशीन म्हणाली. तो हसला. पण त्याचं त्यालाही कळलं होतं की आपण वेळ काढतोय.

शेवटी तिनेच तोडगा काढला. ‘‘ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खेळ, आणि नाव आपण शोधतोय. पोरं हट्ट करताना तोंडाने जे मागतील ते नाव. तुमच्या अंगणवाडीत मीनाबाईंशी मी बोलते. तुम्ही नुसता फोन पोरांच्या हातात द्या आणि गप्प बसा.’’

मीनाबाई अंगणवाडीच्या सेविका. त्यांनी पोरांच्या आयांना विचारून ठेवलं, आणि खिचडी खाऊन झाल्यावर पोरं घोळक्याने फोनभोवती बसली. बोटाने ढकललं की पाळणा फिरे. पोरांनी ढकलून ढकलून त्याला भोवंड आणली. मग खेळाचा शेवट आला.

हा शेवट हेमराजचा लाडका. लहानपणी गावच्या यात्रेत मोलगीकडचा आमश्या लाकडी पाळणा घेऊन यायचा. ठरलेले फेरे संपले की तो हात काढून घ्यायचा, बाजूला उभा राहायचा आणि हाक द्यायचा, ‘‘घरना फेरा!’’ म्हणजे घरी जाण्याआधीचा शेवटचा. मग पाळणा आपल्या आपण, हळूहळू, थांबेपर्यंत फिरायचा. या फेऱ्याला कुणी ढकलायचं नाही, असा नियमच होता. तोवर पोरं चपला शोधत, खाली उभ्या असलेल्या आईला हात करत, आणि उतरताना सहसा रडत नसत. पोरांच्या हातून मोबाइल काढताना जो आकांत होतो तो टळावा म्हणून हेमराजने हाच फेरा खेळात घातला होता. हाकही त्याने स्वतःच्याच आवाजात भरली होती.

पाळणा मंदावला तशी पोरं गप्प झाली. एका चिमुरडीने ढकलायला गेलेल्या दुसरीचा हात बाजूला केला. ‘‘घरना फेरा शे ना! ढकलू नको.’’ पाळणा थांबला, आणि तिने आपणहून फोन हेमराजच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो नुसता फाटकाशी दिसला, तर आतून तो आल्याचा गिल्ला झाला. ‘‘घरना फेरा उना! घरना फेरा लाव ना, दादा!’’

‘‘कालपासून पोरे हाईच म्हणी ऱ्हायनात भाऊ,’’ मीनाबाई म्हणाल्या. ‘‘दुसरं काहीच नही.’’

नाव समोर आलं होतं. छोटं, चित्राखाली पुरतं बसणारं, स्टोअरवर दुसरं कुणाचं नसलेलं. त्याने दोनदा शोधून पाहिलं, नव्हतं. चार वर्षांची पोर ते मागू शकत होती, नंदुरबारबाहेरच्या आईलाही ते समजण्यासारखं होतं. खोट काढायला जागाच नव्हती. हेमराज घरी आला आणि ओट्यावर नुसता बसून राहिला.

संध्याकाळी आफशीनने विचारलं, ‘‘काय म्हणाली पोरं?’’

‘‘काही खास नाही,’’ तो म्हणाला. ‘‘खेळली, गेली.’’

ती म्हणाली, ‘‘बरं. उद्या बोलू.’’

पुढच्या दोन्ही संध्याकाळी तिने नावाचा विषयच काढला नाही. अगदी साध्या गोष्टींची बोलणी झाली: तिची बॅग, अम्मीने बांधून दिलेलं लोणचं, हैदराबादची खोली. हेमराजला त्या गप्पा गोड लागत होत्या आणि बोचतही होत्या. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘उद्या निघते.’’ तेवढंच. ना तक्रार, ना घाई.

त्याने कमानीचं चित्र उघडलं. कोरी पाटी. या पोरीने महिनोन्महिने आपल्या यात्रेत रंग भरले आणि आपण तिला रिकाम्या हाताने पाठवतोय, ते का, तर संध्याकाळी घर सुनं वाटतं म्हणून. त्याला स्वतःची लाज वाटली.

‘‘घरना फेरा,’’ तो म्हणाला. ‘‘नाव. पोरं तेच मागतात.’’

पलीकडे दोन-तीन टिचक्या वाजल्या. लगेच पडद्यावर चित्र आलं. कमानीच्या पाटीवर लाल-पिवळी, जरा डुलणारी अक्षरं रंगवलेली होती. घरना फेरा.

‘‘इतक्या लवकर?’’

‘‘रंगवून ठेवली होती,’’ आफशीन म्हणाली. ‘‘मीनाबाईंनी मला त्याच दुपारी फोन केला होता.’’

हेमराजने विचारलं, ‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘फेरा चालू होता ना, भाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘ढकलायचं नसतं.’’

त्याने स्टोअरच्या पानावर नाव भरलं, चित्र चढवलं आणि खेळ तपासणीसाठी पाठवला. ते लोक पाहतील, मग काही दिवसांनी खेळ सगळ्यांना दिसेल. करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. दोघांनीही फोन ठेवला नाही. तिच्याकडे अम्मी भांडी आवरत होती, त्याचा आवाज येत होता, आणि हेमराज तो कान देऊन ऐकत होता.

‘‘जेवलात?’’ तिने शेवटी विचारलं.

‘‘खिचडी आहे.’’

या वेळी ती ओरडली नाही.