आवाज मोठा, सोडा सपक

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं आणि औशाला टँकरचं पाणी सुरू झालं. गुंडप्पाच्या सोड्याच्या कारखान्यात ते पत्र्यावरच्या लोखंडी टाकीत पडे आणि दुपारपर्यंत तापून जाई.

हॉटेलवाला वीरण्णा सोड्याच्या बाटल्या घेऊन परत आला. त्यानं एकीच्या तोंडातली काचेची गोळी आत दाबली. फट्ट! मग चार बुडबुडे, आणि संपलं.

"आवाज लई, सोडा न्हाई! संध्याकाळी नव्या साहेबांच्या सत्काराला हे पाजू? लातूरहून मागवतो."

गुंडप्पा चिडून गॅसचा दाब वाढवायला चावीकडं धावला.

"बाटल्या फोडायच्या हायत का?" त्याची बायको महादेवी ओरडली. "गरम पाण्यात गॅस कमी मुरतो. वरच्या वर दबून ऱ्हातो अन् गोळी दाबली की भस्सकन निघून जातो. थंड पाण्यात लई मुरतो, मग दाब सुटला की बुडबुडे होऊन येत ऱ्हातो."

"थंड पाणी आणू कुठून? बर्फसुद्धा मिळत न्हाई!"

"घरातल्या रांजणातून."

"अन् आपण काय प्यायचं?"

"टाकीतलं."

कुरकुरत त्यानं रांजणातल्या पाण्यानं बाटल्या भरून त्यांत गॅस सोडला. वीरण्णानं एक फोडली. बुडबुडे थांबेचनात.

"सावलीत ठेवा, अण्णा," महादेवी म्हणाली. "गरम झाला की फोडल्यावर सपक होतोय."

वीरण्णा गेला. गुंडप्पानं टाकीतलं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"एखादा सोडा उरलाय का गं?"

"हात तर लावून बघा!"