फक्त बघायला

इंदापुरात मॅक घेताना दिपालीला दिराच्या बारामतीतल्या स्टुडिओत भागीदारी मिळायची आशा होती. लग्नाचं शूटिंग हार्ड डिस्कवर येणार आणि एडिट करून तिनं त्याच डिस्कवर परत धाडायचं, असं ठरलं. "भावजी, डिस्क फॉरमॅट करताना एक्सफॅटच निवडा, विंडोज नि मॅक दोन्हीकडं चालतं," तिनं रणजितला बजावलंही. त्यानं ती विंडोजच्या एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केली, जी मॅकला नुसती वाचता येते.

मॅकवर सगळं दिसलं, पण डिस्कवर एकही फाइल चढेना. फॉरमॅट बदलावा तर शूटिंग पुसलं जाणार, आणि एवढं शूटिंग मॅकमध्ये मावत नव्हतं.

तिनं फोन लावला. "भावजी, मुद्दाम केलंत?"

"बघायला येतंय न्हवं, वैनी? मग बघा की निवांत."

तो हसत होता तोवरच त्याचा माणूस एडिट झालेली डिस्क न्यायला दारात येऊन उभा राहिला.