तीन हजारांचं कारण

आमच्या कॉलेजच्या अर्थशास्त्र मंडळाची मी खजिनदार. मंडळात मला सगळे 'चिल्लर' म्हणतात, कारण चहाच्या हिशेबातले सुटेसुद्धा मी मागून घेते. म्हणोत बापडे. मला राग येतो तो मोठ्या रकमांशी खेळणाऱ्यांचा. आणि या खेळात मीही हात वर केला होता, तेव्हा तो राग वाटून घ्यायला मी आहेच.

झालं असं की, परदेशात विद्यार्थ्यांची एक परिषद होती. विषय काय, तर चलनाच्या चढउतारातली जोखीम. आमचे चौदा जण जाणार होते. विमानाची तिकिटं कॉलेज देणार होतं. राहणं, जेवण आणि नावनोंदणी मिळून माणशी पाचशे डॉलर आम्हीच परिषदेकडे भरायचे. चौदातले तेरा जण ऐकायला, म्हणजे फोटो काढायला चालले होते. निबंध एकटीचाच स्वीकारला गेला होता.

ती म्हणजे टीचर. खरी टीचर नव्हे, माझ्याच वर्गातली. सकाळ-संध्याकाळ शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेते, म्हणून हे नाव पडलं. तिच्या निबंधाचं सार एका दमात सांगता येतं. तुमचं देणं डॉलरमध्ये असेल तर जमलेला पैसा त्याच दिवशी पाठवून मोकळे व्हा, दर खाली येईल म्हणून वाट बघत बसू नका. लहान संस्थांचं अशा वाट बघण्यात कसं वाटोळं होतं, हे तिनं आकडे देऊन मांडलं होतं.

फी जाहीर झाली तेव्हा बँकेत डॉलर ऐंशीला मिळत होता, म्हणून माणशी चाळीस हजार ठरले. सर्वांत आधी भरले टीचरनं. आठवड्याभरात अकरा जणांचे आले. राहिले तिघं, त्यात आमचे अध्यक्ष.

"अकरा जणांचे आजच पाठव गं," टीचर मला म्हणाली. "उरलेल्यांचे नंतर जातील."

मी लगेच समितीपुढे विषय मांडला. तिथे सर होते. सर म्हणजे आमचे मार्गदर्शक, परकीय चलन हाच त्यांचा विषय. त्यांनी फळ्यावर एक रेघ काढली, तिला खाली वळवलं आणि म्हणाले, "महिनाअखेरीस डॉलर अठ्ठ्याहत्तरवर येणार. आत्ता पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. थांबा. जे वाचेल ते तुमच्या स्मरणिकेला होईल."

स्मरणिका हे अध्यक्षांचं बाळ. पहिल्या पानावर त्यांचा फोटो, दुसऱ्यावर त्यांचं मनोगत. तिच्यासाठी मंडळाच्या निधीत पन्नास हजार वेगळे काढून ठेवले होते आणि त्यांना आर्ट पेपरसाठी आणखी हवे होते. ठराव एकमतानं झाला. सरांसमोर हात वर करायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

डॉलर काही फळा बघायला आला नव्हता. तो पहिल्या आठवड्यात ब्याऐंशी झाला. सर म्हणाले, "तात्पुरतं आहे." मग चौऱ्याऐंशी झाला. सर म्हणाले, "बाजार चुकतोय." तिसऱ्या आठवड्यात शहाऐंशी झाला तेव्हा सर काहीच म्हणाले नाहीत, ते रजेवर गेले. पैसे भरायची मुदत शुक्रवारी संपत होती. माणशी तीन हजार कमी पडत होते आणि ते का, हे सभासदांना पत्रानं कळवायचं काम खजिनदाराचं.

मी सोमवारी पत्र लिहिलं. सरळ लिहिलं. अकरा जणांचे पैसे वेळेत आले होते, तेव्हा दर ऐंशी होता, समितीनं दर उतरेल या आशेनं ते तीन आठवडे खात्यात ठेवले, दर चढला. सबब या अकरा जणांचा फरक, तेहतीस हजार, मंडळाच्या निधीतून भरावा, आणि उशिरा भरणाऱ्या तिघांनी आपापले तीन हजार द्यावेत. घरी आईला वाचून दाखवलं. तिनं भाजी चिरता चिरता ऐकलं आणि म्हणाली, "बरोबर आहे. म्हणजे जाणार नाही हे पत्र."

आईचं तोंड कसं काय इतकं खरं असतं कोण जाणे! मंगळवारी अध्यक्षांनी मला सरांच्या खोलीत बोलावलं. सर रजेवरून आले होते. त्यांनी माझं पत्र चष्मा वर करून वाचलं, मग खाली करून वाचलं.

"यात भावनाच फार आहे," सर म्हणाले.

"सर, यात आकडेच आहेत."

"तेच म्हणतोय मी. 'वाट पाहिली' असं कशाला लिहायचं? 'जागतिक घडामोडींमुळे' लिही. ते खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. पाऊस पडला म्हणून भिजलो हेही खोटं नसतं, छत्री कुणी घरी ठेवायला सांगितली एवढंच त्यातून गळतं. अध्यक्ष म्हणाले, "आणि तो निधीचा परिच्छेद काढ. निधी स्मरणिकेचा आहे. 'खेद' हा शब्द मात्र घाल, पण मोघम. कुणाला लागणार नाही असा."

मी भांडायला तोंड उघडलं होतं, खरंच सांगते. तेवढ्यात सर म्हणाले, "तुझं पुढच्या प्रवेशाचं शिफारसपत्र याच आठवड्यात करायचंय ना? आठवण कर हं." अगदी प्रेमानं म्हणाले. माझं तोंड मिटलं. लाज वाटली, पण मिटलं.

बुधवारी माझ्या सहीनं पत्र गेलं. 'सस्नेह नमस्कार. जागतिक घडामोडींमुळे परकीय चलनाच्या दरात अनपेक्षित वाढ झाल्याने परिषदेचे शुल्क त्रेचाळीस हजार करण्यात येत आहे. आपले सहकार्य अपेक्षित असून झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. फरकाची रक्कम शुक्रवारी सकाळपर्यंत न भरल्यास नाव रद्द समजून भरलेले चाळीस हजार परत केले जातील.'

अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी त्यावर काय विचारावं? एकानं विचारलं, "मोबाइलवर तर डॉलर पंच्याऐंशी दाखवतोय, वरचा एक कुणाच्या खिशात?" मी त्याला समजावलं की मोबाइलवरचा दर खरेदी आणि विक्रीच्या मधला असतो, बँक आपल्याला विकते तेव्हा तिच्या विक्रीच्या दरानं विकते. त्याला ते पटलं नाही. दोन दिवस सगळे त्या एका रुपयाच्या मागे लागले. ऐंशीवरचे सहा रुपये कुठे गेले हे कुणीच विचारलं नाही.

टीचरनं विचारलं. ग्रंथालयाच्या जिन्यात गाठून, हळू आवाजात.

"मी पहिल्या दिवशी भरले होते ना गं?"

"हो."

"मग माझ्यासाठी डॉलर कसा वाढला?"

मी अध्यक्षांकडे पळाले. त्यांनी मोठ्या मनानं तोडगा काढला. निधीतून तिला तीन हजार गुपचूप द्यायचे, बाकी कुणाला कळू द्यायचं नाही. मला वाटलं, सुटले! मी तो निरोप घेऊन गेले तशी तिचा चेहरा आखडला.

"गुपचूप दिलेत तर ती माझी गरिबी. जाहीर दिलेत तर ती तुमची चूक. मला मदत नको, चिल्लर. कारण लिहून दे."

"अगं, तीन हजारांसाठी हट्ट कशाला? निबंध तुझा एकटीचा आहे!"

"तीन हजार म्हणजे माझ्या एका तुकडीचा महिना आहे. तो मी घालीनही. पण तुमच्या जुगाराचा हप्ता म्हणून नाही घालणार." आणि ती शिकवणीला निघून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शुक्रवारी सकाळी बारा जणांचे फरकाचे पैसे जमा झालेले दिसले. तेरावे माझे, ते मी आधीच टाकले होते. टीचरचे नव्हते. अध्यक्ष आणि मी बँकेत गेलो. परदेशी पैसे पाठवायच्या फॉर्मवर दोघांच्या सह्या लागतात. काउंटरवरच्या बाईंनी परिषदेचं बिल तपासलं आणि म्हणाल्या, "फॉर्म पूर्ण झाला की त्या क्षणाचा दर धरते. दुपारनंतर आजच्या तारखेला जाणार नाही."

अध्यक्षांनी ऐटीत सही ठोकली आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"आधी खरं पत्र जाईल," मी म्हटलं. "तेहतीस हजार निधीतून. सगळ्या अकरा जणांना, कारणासकट."

"वेड लागलंय का? आणि माझे?"

"तुम्ही उशिरा भरलेत. तुमचे तुम्हीच द्यायचे."

ते आधी हसले, मग चिडले, मग सरांना फोन लावला. सर तासाला होते, फोन उचलला नाही. बाईंनी पडद्याकडे बघून सहज सांगितलं, "दर पंचवीस पैसे वर गेला हं." अध्यक्षांच्या कपाळावर घाम आला. माझ्याही आला होता, शिफारसपत्राचा. पण एकदा तोंड उघडलं की मला आवरत नाही हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे.

"पाठव बाई पाठव ते पत्र," शेवटी ते म्हणाले. "स्मरणिका काळ्या-पांढऱ्यात छापू."

सोमवारचं पत्र माझ्या मोबाइलवर होतंच. खाली दोघांची नावं घालून तिथल्या तिथे सगळ्या सभासदांना धाडलं. मग टीचरला फोन केला. आनंदानं माझा आवाज चिरकत होता.

"पत्र बघ! कारण लिहिलंय. तुला एक पैसा भरायचा नाही. चल, चौदा जणांचे पाठवतेय."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला, कुणीतरी पाढे म्हणत होतं.

"मी सकाळीच परिषदेला कळवलं गं, येत नाही म्हणून. शेवटच्या दिवसापर्यंत ताटकळत ठेवणं बरं नव्हे. तासाभरात उत्तर आलं, निबंध वाचायची माझी वेळ प्रतीक्षा यादीतल्या मुलाला दिलीय. त्यानं होकारही कळवला."

"मी लिहिते त्यांना. चूक आमची आहे, मी सांगते ना—"

"त्या मुलाला काय सांगशील?" मग म्हणाली, "पत्र वाचलं आत्ता. चांगलं लिहिलंयस. कधी लिहिलं होतंस?"

"सोमवारी," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली आणि मुलांना शिकवायला गेली.

बाई पेन घेऊन थांबल्या होत्या. "किती जण धरू? चौदा?"

अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. "तेरा," मी सांगितलं आणि सही केली. निबंध वाचणारं आमच्यात आता कुणी नव्हतं.