रडायला कोण शिकवतं

दिवाळीच्या सुट्टीत लालसिंग तांड्यावर आला होता. आसेगावच्या बाजारात पोस्टमननं त्याच्या हातात पाकीट ठेवलं, आणि अक्षर बघताच त्याच्या कपाळाला आठी पडली. वाशीमच्या ट्रेनिंग स्कूलमधले दौलतराव मास्तर. हा माणूस बरं लिहायला कधी पत्र घालणार!

सोबत उकंडराव होता, त्याच्याच वर्गातला. तो खांद्यावरून वाकला. "वाच ना बे, कायले लपवून राह्यला?"

पत्र असं होतं:

"रा. लालसिंग यांस, आपला प्रबंधाचा विषय 'हिंदुस्थानातील बंजारा समाज : इतिहास, धर्म, भाषा व व्यापार' पाहिला. हा चाळीस पानांत मावत नाही; चाळीस वर्षांतही मावणार नाही. कीर्तनकार एक अभंग धरतो आणि तेवढ्यावर सारी बैठक तोलतो. तुम्ही साऱ्या संतांचे अभंग एकदम म्हणायला निघालात, म्हणजे ताल कुणाचाच धरता येणार नाही. तेव्हा विचारतो. हिंदुस्थान राहू द्या, कोणता एक तांडा? तिथली कोणती एक गोष्ट? ती तुम्ही स्वतः पाहिली, की ऐकली? कुणाला विचाराल, त्यांची नावं काय? आणि 'तुला कसं कळलं' असं मी म्हटलं तर पुढ्यात काय ठेवाल? सोमवारी शाळा उघडते. त्या दिवशी विषय ठरला नाही, तर परीक्षेच्या यादीत नाव जाणार नाही."

उकंडराव खो खो हसला. "म्हणते तांड्याच्या पोरानं तांड्यातच राहावं! हिंदुस्थान त्यायचा, तांडा तुहा!"

ते लालसिंगला झोंबलं. तीन वर्षं बिनट्रेनिंगचा कच्चा मास्तर म्हणून राबला होता. परीक्षा हुकली तर नोकरीही जाणार होती. आणि आपल्या लोकांची थोरवी पहिल्यांदा कागदावर मांडायला बसलो, तर हा म्हातारा कात्री घेऊन बसला! घरी येईपर्यंत त्यानं मनात ठरवलं : असे प्रश्न विचारतो ना? मग साऱ्यांत क्षुल्लक गोष्ट धरतो, अन् तिच्यावर चाळीस पानं भरत नाहीत हे त्याच्याच तोंडावर फेकतो.

चुलीपाशी सोनीबाई, त्याची आई, भाकरी थापत होती.

"याडी," तो म्हणाला, "सासरी जाताना नवरी रडत रडत ढावलो म्हणते, तो मले म्हणून दाखव. लिहून घेतो."

सोनीबाईचा हात थांबला. "घरातून कोणती पोरगी जाऊन राह्यली?"

"कोणतीच नाय. मास्तरले पायजे."

"मग मी कायले रडू? तुह्या मास्तरची पोरगी जाते तवा त्याले म्हणावं, ये ऐकाले." तिनं भाकरी तव्यावर आपटली. "शिकून शिकून येवढंच शिकला? ढावलो असा रिकाम्या घरात म्हणत नसतेत."

"नको म्हणू! पण तुले कोणं शिकवला, ते तर सांग."

"फुईनं, माह्या बापाच्या बहिणीनं. लगनाच्या आधी महिनाभर, रोज सांजच्याले. रडाले येत नाय म्हणून चिमटे काढे!"

"अन् फुईले?"

"तिले मेडशीकडच्या तांड्यावरच्या बेबीबाईनं. आंधळी होऊन बसली आता." मग तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. "येवढंही माईत नाय तुले? दोन बहिणी लावून देल्या तवा कुठं होता रे तू?"

लालसिंग मांडवात होता. वाजंत्र्याचा हिशेब करत.

सोमवारी दौलतरावांच्या टेबलासमोर तो ताठ उभा राहिला. "ढावलो लिहून घेता येत नाही," तो म्हणाला. "लगनाशिवाय म्हणत नाहीत. झाला तुमचा विषय?"

"तुम्ही विचारलंत कुणाला?"

"आईला."

"ती काय म्हणाली?"

सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. फुई, चिमटे, बेबीबाई. वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांनी तिकडं नुसतं पाहिलं, हसू विरून गेलं.

"गाणं नका लिहू," दौलतराव म्हणाले. "कोण कुणाला शिकवत आलं, ते लिहा. एक तांडा, तीन पिढ्या. प्रत्येकीचं नाव, गाव, शिकवायची तऱ्हा. जे सांगणार नाहीत, त्यांनी सांगितलं नाही असंच लिहायचं." त्यांनी जाड पुस्तकात विषय लिहिला, पुढं 'मंजूर' घातलं. मग वर न बघता म्हणाले, "राग आहे ना माझ्यावर?"

"आहे."

"असू द्या. पंधरा दिवसांत सात नावं आणा. सहा चालणार नाहीत."

बाहेर उकंडराव वाट पाहत होता. "चाल, चहा पिऊ. काय म्हणे म्हातारा?"

"मेला नाय अजून," लालसिंग फणकारला, आणि चहा सोडून मोटारस्टँडकडं निघाला. मेडशीची गाडी साडेअकराला होती, अन् आंधळी बेबीबाई फार म्हातारी होती.