हिरवी रेष, नाव बाबा

सेलूत घरमालकीण पंचफुलाबाईंच्या खालच्या खोलीत मी आणि कैलास शेअर बाजारात निफ्टी फ्युचरचे सौदे करायचो. खातं दोघांचं अर्धं-अर्धं. ते संपलं की कैलास पुन्हा बुटीबोरीच्या कंपनीत आणि मी पुन्हा कुठेच नाही.

चार्टचे नियम पक्के होते. आधार, म्हणजे भाव जिथून वर उलटतो, तो हिरवा; अडथळा, जिथून खाली फिरतो, तो लाल. आठवड्याच्या चार्टची रेष जाड, दिवसाची बारीक. लक्षात राहावं म्हणून कैलास रेषांना नावं द्यायचा. लाल रेष पंचफुलाबाई, कारण वर कोणी गेलं की ती खाली हाकलायची. सगळ्यात जाड हिरवी रेष बाबा. तिच्यावर येऊन भाव अनेकदा उलटला होता.

रविवारी सफाई. भाव एखाद्या रेषेच्या आरपार हिंडायला लागला की ती मेली, पुसायची. नाहीतर डोळा तिथंच अडकतो आणि हात सौदा करून बसतो.

मार्चमध्ये नत्थूजी, म्हणजे कैलासचे खरे बाबा, वर्ध्याच्या दवाखान्यात भरती झाले. त्याच आठवड्यात भाव हिरव्या रेषेखाली बंद झाला, वर आला, पुन्हा खाली गेला.

रविवारी मी विचारलं, "पुसू?"

"त्यायच्या नाकात नळी हाय अन् तू बाबाले पुसून राह्यला?"

"रेष आहे बे ते."

"नाव वाच."

"मग नाव बदलवू. काका करू."

"काकानं काय बिघडवलं तुयं?"

सोमवारी भाव रेषेपाशी आला, कैलासनं खरेदी केली, भाव घसरला आणि स्टॉपलॉस लागला, म्हणजे ठरवलेल्या तोट्यावर सौदा आपोआप कापला गेला. मंगळवारीही तेच. बुधवारी तो दवाखान्यात होता, तेव्हा मी रेष पुसली. मोकळ्या चार्टवर तिथं काहीच दिसत नव्हतं, म्हणून मी काहीच केलं नाही. भाव सरळ कोसळला. खातं वाचलं. संध्याकाळी फोन आला, नत्थूजी गेले.

तेरवी आटोपून कैलास आला आणि स्क्रीनकडे बघत राहिला.

"कवा पुसली?"

"बुधवारी. जेवणाच्या आधी."

"बाबा जेवणानंतर गेले."



मग त्यानं चालू भावाच्या जरा खाली नवी हिरवी रेष मारली. जाड. तिथं भाव कधीच थांबलेला नव्हता. "बाबा आता इथं हायेत," असं म्हणून त्यानं खात्यातले सगळे पैसे लावून खरेदी केली.

"स्टॉपलॉस?"

"कुठं?"

"आधाराच्या खाली."

"बाबाच्या खाली काय ठेवाव बे?"

दुसऱ्या दिवशी बाजार रेषेच्या पार खाली उघडला. सौदा कापायला मी माऊसकडे हात नेला, त्यानं मनगट धरलं.

"थांब. उठतीन ते."

मार्जिन, म्हणजे तारणाचे पैसे, संपल्यावर ब्रोकरनं सौदा परस्पर कापला. वर पंचफुलाबाई कोणावर तरी ओरडत होत्या. कैलासनं माझं मनगट सोडलं.

"आता पूस," तो म्हणाला.

मी पुसली. चार्ट एकदम स्वच्छ झाला, आणि त्यावर सौदा करायला आमच्याकडे काही उरलं नव्हतं.