गणपतीच्या कारखान्यात सांगितलेली घटसर्पाची गोष्ट

“मी सांगतो ते तुमच्यापैकी एकालाही खरं वाटायचं नाय,” मी म्हणालो, “पण रोह्याची कुंडलिका मी भर पुरात एका हाताने पोहून पार केलेली हाय. दुसऱ्या हातात औषध होतं.”

कोणी हसलं नाही. एरवी माझ्या पहिल्या वाक्यालाच कारखान्यातली निम्मी माणसं हातातला शाडू खाली ठेवतात. त्या दिवशी सगळे रांगेत उभे होते, तोंडं उघडून. आरोग्य केंद्रातल्या हुमेरा सिस्टर एकेकाच्या घशात कापसाची काडी फिरवत होत्या, ती नळीत घालून बूच लावत होत्या. मी माझ्या पाटावरच बसून होतो. शेजारचा सगुणाचा पाट रिकामा होता. तिकडे मी बघत नव्हतो.

मी गणपतीचे डोळे आखायचो, सगुणा बुबुळं भरायची. परवा तिची मान फुगली आणि श्वास घेताना घशातून आवाज यायला लागला. पेणच्या डॉक्टरांना घशात राखाडी साय दिसली. ती काडीने हलवायला गेले तर रक्त आलं. त्यांनी तिला तसंच गाडीत घालून मुंबईला पाठवलं. तिथं रिपोर्टची वाट न बघता घटसर्पाचं सिरम दिलं, पेनिसिलीन सुरू केलं आणि वेगळ्या खोलीत ठेवलं. नवऱ्यालासुद्धा दारातूनच बघू देत होते.

आता प्रश्न एवढाच होता, की पेणच्या कारखान्यात हा रोग आणला कोणी?

आमचे शेठ हैबतराव यांनी उत्तर शोधून ठेवलं होतं. “रोह्या-कोलाडकडे रोज कोण जातं? हा. तिकडे साथ हाय आणि याचा टेंपो रोज तिकडे. उद्यापासून दुसरा टेंपो बघतो मी.”

मूर्ती पोचवणारा टेंपोवाला इकबाल दारात उभा होता, किल्ली मुठीत. “शेठ, सीझन तोंडावर आलाय. वर्षाची कमाई या महिन्यात होते माझी. आत्ता हाकललंत तर घरी काय सांगू?”

“मी कुणाला हाकला म्हटलेलं नाही,” सिस्टर म्हणाल्या. “मला फक्त कळायला हवं, तुमच्यातलं कोण घटसर्पाच्या पेशंटपाशी राहून आलंय.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या पुतण्याची, प्रविणची, पोरगी मृणाली रोह्यात आजारी पडली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी कुणाला विचारू दिलंच नाही. मी परत गोष्टीतल्या कुंडलिकेत उडी मारली.

“सिरम मुंबईहून यायचं होतं,” मी म्हणालो, “आन् पूल पाण्याखाली. अलीकडे औषध, पलीकडे पोर. मी बर्फाचा डबा डोक्यावर बांधला...”

“आत्ता तर हातात होतं म्हणालात,” हैबतराव म्हणाले.

“आधी हातात, मग डोक्यावर. मधे पाणी वाढलं ना!”

“बर्फाला चिकटवून ठेवलं असतं तर गोठून वाया गेलं असतं, जनूकाका,” सिस्टर इकबालच्या घशात डोकावत म्हणाल्या. “थंड ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं.”

“म्हणून तर डोक्यावर ठेवलं! माझं डोकं गरम, वरनं बर्फ. मधल्यामधे बेताचं थंड. आन् खरी गंमत पुढं हाय. ते औषध काढतात कशातनं? घोड्याच्या रक्तातनं. बरोबर ना, सिस्टर?”

“बरोबर. म्हणून आधी थोडं टोचून बघावं लागतं, पेशंटला सोसतंय का.”

“मग! पाण्यात गेल्यावर ते आपणहूनच पोहायला लागलं. मी नुसता लगाम धरून होतो.”

आता हसले. इकबालसुद्धा हसला, तोंडात काडी असताना, आणि त्याला ठसका लागला. त्याचं ते हसणं मला नको होतं.

खरं तर मृणालीला तिच्या बापानेच जीप करून मुंबईला नेलं होतं. सिरम तिथंच मिळालं, लवकर मिळालं, म्हणून वाचली. सिरमने घशातली साय विरली, पण हृदयावर परिणाम होतो म्हणून पोरीला कितीतरी दिवस अंथरुणावरून उठू देत नव्हते. मी त्या आठवड्यात रोह्यातच होतो. आजारी पडली त्या दिवशी तिच्या ताटातला उरलेला भात मीच संपवला होता.

“नदी राहू द्या,” सिस्टर म्हणाल्या. “पोरीजवळ राहिलेल्यांना रोह्यात गोळ्या दिल्या असतील. तुम्हाला मिळाल्या?”

“मिळाल्या की. एरिथ्रोमायसिन. नाव पाठ हाय मला.”

“सगळ्या घेतल्या?”

“दिवसातनं चारदा. आठवडाभर. एक चुकवली नाय.”

“आणि घशाची तपासणी साफ येईपर्यंत कामावर जायचं नाही, हे सांगितलं होतं?”

“सांगितलं. साफ आली, मगच आलो.”

सिस्टरांची नजर माझ्या हाताकडे गेली. बोलता बोलता मी ब्रशचं टोक ओठांत धरून ओलं केलं होतं. आखणी करणारे सगळेच असं करतात. ओठांत धरल्याशिवाय केसांना टोक येत नाही, आणि डोळ्याची रेघ जाड आली की मूर्ती रागावलेली दिसते.

“हाच ब्रश सगुणाबाई वापरायच्या?”

“कधीमधी,” मी म्हणालो, आणि तो पाण्याच्या डब्यात बुडवला.

“कशा होत्या हो गोळ्या, जनूकाका?”

“गोड. रात्री झोप काय लागायची सांगू!”

सिस्टरांनी हातातली नळी खाली ठेवली. “त्या गोळ्यांनी झोप? बहुतेकांच्या पोटात मुरडा येतो.”

“माझं पोट लोखंडाचं हाय.”

रोह्यात पहिली गोळी हातात आली तेव्हाच प्रविणची बायको नमिता म्हणाली होती, जेवून घ्या काका, पोट बिघडतं. पोट बिघडलं की माणूस वाकतो, हात हलतो, आणि हलत्या हाताने डोळा आखता येत नाही. सीझनच्या तोंडावर घरी बसलो असतो तर माझ्या पाटावर दुसरा कोणी बसला असता.

“आता इथल्या सगळ्यांनाच औषध द्यावं लागेल,” सिस्टर म्हणाल्या. “जे नेमाने घेतील त्यांना गोळ्या. ज्यांचा भरवसा नाही त्यांना कमरेत पेनिसिलीनचं एकच इंजेक्शन.”

“मला कशाला? माझा कोर्स झालाय.”

“झाला असेल तर रोग तुमच्याकडून आलेला नसणार.” त्यांनी दाराकडे बघितलं. “मग मला इकबालभाईंकडे विचारावं लागेल, कुठं कुठं थांबला होता ते.”

“मी काय म्हणत होतो!” हैबतराव म्हणाले. “किल्ली ठेव इकबाल. तुझा हिशोब संध्याकाळी.”

इकबाल माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “जनूभाय, तू तरी सांग यांना. मी तिकडं माल उतरवतो आणि परत फिरतो. चहापण घेत नाय.”

मला त्याच्याकडे मान वर करून बघवेना. मी समोरच्या मूर्तीला म्हणालो, “आता मी काय सांगणार? साथीचा रोग. तो काय कुणाला विचारून येतो?”

इकबालने किल्ली हैबतरावांच्या पुढ्यात ठेवली.

रांगेत शेवटी माझी बायको काशीबाई उभी होती, हाताला शाडू लागलेला. तिने पदराला हात पुसले आणि सिस्टरांना विचारलं, “त्या गोळ्या मोठ्या असतात का हो? गिळताना घशात अडकतात तशा?”

“हो. का?”

“अगो, तू गप ऱ्हा,” मी म्हणालो. “तुला त्यातलं काय कळतंय?”

“खोटं बोलतायत हे,” काशीबाई मोठ्याने म्हणाली, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशी. “त्या गोळ्या मी खाल्ल्या. गुडघ्याला ताकद येईल म्हणून यांनीच मला दिल्या. मुरडा माझ्या पोटात आला, सिस्टर. यांनी एकपण तोंडात घातलेली नाय.”