सोपानरावांच्या दुकानाची संध्याकाळची पाळी

सणसवाडीच्या सोपानरावांनी आपल्या किराणा दुकानासाठी जाहिरात गावच्या ग्रुपवर टाकली: डिलिव्हरी रायडर पाहिजेत. परिसर सणसवाडी व भोवतालचे चार किलोमीटर. सकाळी सात ते अकरा किंवा संध्याकाळी पाच ते दहा. ऑर्डरमागे तीस रुपये, पेट्रोल वेगळं. स्वतःची बाईक, लायसन, इन्शुरन्स आवश्यक.

संध्याकाळी पाचच्या ठोक्याला आसमीन सासऱ्याची, चांदभाईंची, मोपेड घेऊन दुकानासमोर उभी राहिली. चांदभाईंनी त्या मोपेडवरून आजवर म्हैस सोडून सगळं वाहिलं होतं, आन् म्हशीबद्दलही गावात दोन मतं होती. आसमीनला संध्याकाळचीच पाळी हवी होती. सकाळी दूध-पावाच्या चार पिशव्या. कंपन्या सुटल्यावर खरी ऑर्डरींची झुंबड.

"चांदभाईची सून ना तू?" सोपानराव चष्म्यावरून बघत म्हणाले. "अगं, बाईक लिहिलंय. ही शेळी हाय."

"शेळीचे कागद पुरे हाईत, मालक. लायसन बिनगिअरचं हाय, गाडी बी बिनगिअरची."

शेजारी त्याच कामाला आलेला विश्वजीत आपल्या लालभडक स्पोर्ट बाईकवर रेलला होता. बाईक अशी, की उभी असली तरी पुढं गेल्यासारखी वाटायची. "काकी, शर्यतीला बैल घेऊन आलात काय?"

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीमागच्या भाड्याच्या खोल्यांतून ऑर्डर: पंचवीस किलोचं गव्हाच्या पिठाचं पोतं, पाच लिटर तेल, मीठ.

"विश्वजीत, उचल," सोपानराव म्हणाले.

विश्वजीतनं पोतं मागच्या सीटवर ठेवलं. सीट मागून उंच. पोतं घसरून त्याच्या पाठीला चिकटलं, जणू जावई सासऱ्याच्या गळ्यात पडला. टाकीवर घेतलं तर हँडल वळेना.

"दोन खेपा करतो, काका."

"पोतं एकच हाय, दोन खेपांत कसं जाईल?"

आसमीननं पोतं ओढलं, दोन पायांमधल्या सपाट जागेत उभं केलं, तेल-मिठाची पिशवी हँडलला अडकवली, मागं कॅरिअर मोकळंच राहिलं. "अजून काय असंल तर द्या, मोकळं कशाला न्यायचं?"

अर्ध्या तासात ती परत आली. गिऱ्हाइकाचे पैसे दुकानाच्या खात्यात आधीच पडले होते.

"ये मग सकाळच्या पाळीला," सोपानराव म्हणाले. "संध्याकाळी बाईमाणसानं अंधारात..."

"जाहिरातीत कुठं लिहिलंय, बाईनं येऊ नये?"

सोपानरावांनी मोबाइल काढून जाहिरात वाचली. वरून वाचली, खालून वाचली, विश्वजीतकडंही एकदा बघितलं. कुठंच सापडेना.

"वाटेत काही झालं तर?"

"तुम्ही फोन उचला, बास. आन् वीस किलोच्या वरचं पोतं असलं, तर ते दोन ऑर्डरी धरायचं."

"अगं, अजून कामाला लागली न्हाईस, तवाच भाव?"

"लागले की. एक पोचवून आले."

सोपानरावांना हसू दाबता येईना. "बरं. वीसच्या वर दोन धरू. उद्यापासून ये."

"उद्या कशाला?" आसमीननं पुढच्या ऑर्डरीसाठी काढून ठेवलेलं पोतं कवेत घेतलं. "पाळी पाचला सुरू झालीया, मालक. पत्ता सांगा."